ताई, दोरा खाली गुंततोय!

शिवणकाम शिकवणारं एक छोटं यूट्यूब चॅनेल डोळ्यांसमोर आणा. सबस्क्रायबर काही शे, व्हिडिओ स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मोबाईलवर काढलेले, शिकवणारी ताई स्वतः घरी ब्लाऊज शिवून देणारी. तिच्या एका व्हिडिओखाली प्रश्न येतो : ‘ताई, शिवताना खालून दोऱ्याचं जाळं होतं, काय करू?’ विचारणारीचं कापड त्या क्षणी मशीनमध्ये अडकलेलं आहे. एका हातात कात्री आहे, दुसऱ्या हातात फोन. तिला उत्तर मिळतं : ‘आपल्या प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार. कृपया व्हिडिओ संपूर्ण पाहावा. त्यात सविस्तर माहिती देण्यात आलेली आहे.’

ही ताई तुटक स्वभावाची मुळीच नाही. हाच प्रश्न घेऊन शेजारीण दारात आली असती तर ताईंनी विचारलं असतं, ‘ओवताना फूट वर होता का गं?’ आणि अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. पण लिहायचं म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून शाळेत शिकलेलं अर्जाचं मराठी उतरतं. ‘सदर’, ‘कृपया’, ‘देण्यात आलेली आहे’. त्यात माणूसही दिसत नाही आणि उत्तरही सापडत नाही. व्हिडिओखालचं वर्णन आणि कमेंटची उत्तरं मैत्रिणीला सांगावं तशी पुन्हा लिहायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते या एका चॅनेलवर, या एकाच प्रश्नावर करून पाहू.

त्यासाठी आधी तो गुंता समजून घ्यायला हवा, कारण आपलेपणाचं उत्तर देण्यासाठी मुळात उत्तर माहीत असावं लागतं. कापडाच्या खाली जाळं दिसलं की शिकाऊ माणूस खालच्या बॉबिनला दोष देतो. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. प्रत्येक टाक्याला शटल वरच्या दोऱ्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि मग वरखाली होणारी टेक-अप लिव्हर तो फास परत वर ओढून टाका घट्ट करते. हे ओढणं जमण्यासाठी वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये दाबलेला असावा लागतो. तो तिथे दाबलेला नसेल तर लिव्हर खालचा फास ओढण्याऐवजी रिळावरून नवा दोरा ओढते आणि खाली सैल दोरा साठत जातो. तेच ते जाळं. बहुतेक मशीनमध्ये कापड दाबून धरणारा फूट खाली असला की या चकत्या मिटलेल्या असतात. त्या अवस्थेत ओवलेला दोरा चकत्यांच्या आत न बसता कडेवरच राहतो. म्हणून आधी फूट उचलायचा आणि मगच दोरा ओवायचा.

आता ताईंच्या व्हिडिओखालचं मूळ वर्णन पाहा.

‘नमस्कार मित्र-मैत्रिणींनो, आमच्या चॅनेलवर आपले सहर्ष स्वागत आहे. सदर व्हिडिओमध्ये शिलाई मशीनमध्ये उद्भवणाऱ्या दोऱ्याच्या विविध समस्यांविषयी सविस्तर माहिती देण्यात आलेली आहे. तरी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहावा व आवडल्यास लाईक, शेअर आणि सबस्क्राईब करावे, ही नम्र विनंती.’

त्याखाली पंधरा-वीस हॅशटॅग. यूट्यूब वर्णनासाठी 5,000 अक्षरांची जागा देतं, पण ती एकदम दिसत नाही. सुरुवातीचा थोडासा भाग दिसतो आणि बाकीचं वाचायला उघडावं लागतं. ताईंच्या वर्णनात तेवढ्या मोक्याच्या जागेत फक्त स्वागत मावलं आहे. शिवाय ‘दोऱ्याच्या विविध समस्या’ असं कोणी शोधत नाही. बायका लिहितात ‘खाली गुंता होतो’, ‘खालून जाळं होतं’, ‘मशीन टाके सोडतं’. हे शब्द ताईंच्याच कमेंटमध्ये डझनाने पडले आहेत. वर्णन लिहायला बसण्याआधी त्या कमेंट वाचून काढल्या तर अर्धं वर्णन तयारच मिळतं.

दुसरी युक्ती साधी आहे. टाईप न करता आधी बोलायचं. फोनवरचा रेकॉर्डर सुरू करून, बहिणीला व्हॉइस मेसेज पाठवतोय असं समजून, व्हिडिओत काय आहे ते सांगून टाकायचं. मग ते ऐकून लिहून काढायचं आणि बोलण्यातला पाल्हाळ, ‘म्हणजे’, ‘काय होतं ना’ वगैरे छाटायचं. ताईंनी असं केलं तर वर्णन साधारण असं उतरेल :

‘शिवताना कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतोय? आधी फूट वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा आणि पुन्हा ओवा. बहुतेक वेळा एवढ्यानेच जातो. बॉबिन केसच्या स्क्रूला लगेच हात लावू नका.

दोरा नीट बसलाय का, हे असं बघा : फूट वर असताना दोरा हाताने ओढला तर सहज यायला हवा. फूट खाली करून ओढला तर अडायला हवा. दोन्ही वेळा सारखाच सैल येत असेल तर तो चकत्यांमध्ये बसलेला नाही, पुन्हा ओवा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची चार-चार इंच टोकं मागे धरून ठेवा.

माझं मशीन पायाने चालवायचं, काळं, साधं आहे. तुमचं मोटरचं किंवा नव्या पद्धतीचं असेल तर दोऱ्याचा रस्ता थोडा वेगळा असेल. एवढं करूनही गुंता राहिला तर मशीन कोणतं आहे ते खाली लिहा.’

आणि त्याखाली व्हिडिओचे भाग :

00:00 गुंता कसा ओळखायचा
00:40 वरचा दोरा पुन्हा ओवणं
02:35 सुई कोणत्या बाजूने बसवायची
04:10 बॉबिन भरणं आणि बसवणं
06:20 चिंधीवर दोन रंगांच्या दोऱ्यांनी तपासणी

हे वेळांचे आकडे वर्णनात असे लिहिले की व्हिडिओच्या पट्टीवर आपोआप भाग पडतात. त्याचे नियम थोडेच आहेत. पहिली वेळ 00:00 असावी लागते, किमान तीन भाग लागतात, ते चढत्या क्रमाने हवेत आणि कोणताही भाग दहा सेकंदांपेक्षा लहान चालत नाही. एखादा नियम चुकला तर भाग पडत नाहीत. आकडे तसेच साधे टिचकी मारण्यासारखे राहतात, त्यावरून चूक ओळखता येते. ज्या बाईचा दोरा अडकलाय तिला नऊ मिनिटं बसवून ठेवण्याऐवजी 00:40 वर सोडणं, हाच तिचा मान राखणं आहे. ‘शेवटपर्यंत पाहा’ ही विनंती मैत्रीण मैत्रिणीला करत नाही.

नव्या वर्णनातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी ओळ ‘माझं मशीन काळं, साधं आहे’ ही. सांगणारीने स्वतःच्या माहितीची हद्द तिथे स्वच्छ सांगितली आहे. आपल्याकडे घरोघरी असलेली काळी मशीनं, मोटर बसवलेली मशीनं आणि नवी झिगझॅग मशीनं यांच्यात दोऱ्याची वाट, सुईची दिशा, बॉबिनची जागा बदलते. हे न सांगता छातीठोक बोललं की निम्म्या प्रेक्षकांसाठी सल्ला चुकीचा ठरतो.

कमेंटच्या उत्तरांकडे येऊ. इथे लोक एक सोपी चूक करतात. कोरडेपणा घालवायचा म्हणून ‘हाय डिअर’, चार बदाम आणि तीन हसरे चेहरे टाकतात, आणि पुढे तेच ‘व्हिडिओ पूर्ण पाहा’. त्याने काहीच बदललेलं नसतं. समोरची अनोळखी आहे; तिला ‘तुम्ही’ म्हणावं, तिने ताई म्हटलं असेल तर आपणही ताई म्हणावं. जवळीक तिच्या अडचणीकडे नीट पाहण्यातून दिसते.

एक कमेंट अशी आहे : ‘ताई माझा दोरा सारखा तुटतो काय करू’. यावर मैत्रिणीचं उत्तर काय असेल? समोरासमोर असती तर तिने मशीनकडे पाहिलं असतं. इथे मशीन दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं. पण नुसतं विचारून थांबलं तर पंचाईत होते, कारण ताई संध्याकाळी उत्तर देणार, ती बाई उद्या दुपारी वाचणार आणि मशीन दोन दिवस बंद पडून राहणार. त्यामुळे उत्तरात एक प्रश्न असावा आणि तोवर करून पाहण्याजोगी एक गोष्ट असावी :

‘वरचा दोरा तुटतो की बॉबिनचा, ते सांगा. वरचा तुटत असेल तर आधी सुई बदलून बघा. सुईचं टोक बोथट झालं किंवा सुई जराशी वाकली तरी दोरा तुटतो. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई घ्या. सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने सुईत जातो त्या बाजूला ती खाच यायला हवी. नवी सुई लावूनही तुटला तर वरचं टेन्शन अर्धा आकडा सैल करून चिंधीवर शिवून बघा.’

पाहण्यासारखं हे की उत्तराने प्रश्न पोटात घेतला आहे. ‘वरचा तुटत असेल तर’ हे वाचल्यावर सहा महिन्यांनी येणाऱ्या तिसऱ्याच बाईलाही कळतं की हे आपल्यासाठी आहे का. कमेंटमधलं उत्तर एकीला दिलेलं असतं, पण वाचतात शंभर जणी. ‘हो, तसंच करा’ किंवा ‘वर सांगितलंय’ ही उत्तरं त्या शंभर जणींच्या काहीच कामाची नसतात.

दुसरी कमेंट जास्त अवघड आहे. ‘गुंता होत होता म्हणून बॉबिन केसचा स्क्रू फिरवला. आता अजूनच बिघडलं.’ ताईंचं पहिलं उत्तर होतं, ‘स्क्रू फिरवू नये असे व्हिडिओमध्ये स्पष्ट सांगितले आहे.’ खरं आहे, सांगितलेलं होतं. पण फिरवून बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? तिला परत यायची वाट हवी आहे. पुन्हा लिहिलेलं उत्तर :

‘घाबरू नका, स्क्रू परत जागेवर आणता येतो. भरलेली बॉबिन केसमध्ये घाला, बाहेर आलेला दोरा धरून केस हवेत लटकवा. केस सरसर खाली घसरली तर स्क्रू सैल आहे, अगदी थोडासा उजवीकडे फिरवा. लटकून राहिली आणि हाताला हलका झटका दिल्यावर जरा सरकून थांबली तर बरोबर आहे. झटका देऊनही हलली नाही तर घट्ट झालाय, थोडा डावीकडे. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवा. हे जमलं की फूट वर करून वरचा दोरा पुन्हा ओवा, मूळ गुंता तिथलाच असणार. ज्या मशीनची केस सुटी निघते त्यालाच हे लागू आहे.’

‘घाबरू नका’ हे दोन शब्द इथे शोभतात, कारण त्यांच्या पाठोपाठ उपाय आला आहे. उपाय नसताना लिहिलेला धीर पोकळ लागतो.

तिसऱ्या प्रकारची कमेंट वाचून कोणाचाही हात कीबोर्डवर गरम होईल : ‘सांगितलं तसं सगळं केलं, काही होत नाही. फालतू व्हिडिओ.’ शिव्या असत्या तर काढून टाकायला किंवा त्या माणसाला चॅनेलवर लपवायला हरकत नाही, सगळ्यांशी मैत्री करण्याची सक्ती नाही. पण या कमेंटमध्ये शिवी नाही, वैताग आहे, आणि त्यामागे सुटलेली एखादी पायरी असण्याची शक्यता मोठी आहे. त्या बाईशी वाद न घालता उत्तर देता येतं :

‘एवढं करून झालं नाही म्हणजे वैताग येणारच. एक तपासणी करू या, म्हणजे दोष वरचा की खालचा ते कळेल. वर लाल दोरा लावा, बॉबिनमध्ये पांढरा, आणि चिंधीवर वीतभर शिवा. कापडाच्या खाली लाल फासे दिसले तर वरचा दोरा सैल आहे, टेक-अप लिव्हरच्या भोकातून गेलाय का तेही बघा. वरच्या बाजूला पांढरा दोरा दिसला तर वरचा जास्त घट्ट आहे किंवा बॉबिनचा सैल. काय दिसतं ते कळवा.’

या तपासणीत बोलणं माणसावरून कापडावर येतं. ती बाई परत आली, तर लाल की पांढरा एवढंच सांगेल, आणि पुढचं उत्तर नेमकं देता येईल. परत नाही आली तरी दोन रंगांची युक्ती तिथे लिहून राहिली.

मग ती कमेंट, जी प्रत्येक शिकवणाऱ्याच्या वाट्याला कधी ना कधी येते : ‘ताई, 02:35 ला तुम्ही सुईची चपटी बाजू उजवीकडे सांगितली. माझ्या मशीनला ती डावीकडे येते.’ ताईंनी स्वतःच्या मशीनपुरतं बरोबर सांगितलं होतं, पण सगळ्या मशीनना तसं चालत नाही. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओतला भाग कापता येतो, पण तोच पत्ता ठेवून त्या जागी नवा व्हिडिओ बसवता येत नाही. म्हणून दुरुस्ती शब्दांतच करावी लागते, आणि ती तीन ठिकाणी असावी. सांगणारीला आभाराचं उत्तर, वर्णनात 02:35 च्या ओळीशेजारी ‘मी माझ्या मशीनप्रमाणे बाजू सांगितली आहे, तुमच्या मशीनला लांब खाच दोरा शिरतो त्या बाजूला ठेवा, चपटी बाजू तिच्या समोर’, आणि हीच ओळ स्वतःची कमेंट म्हणून लिहून सगळ्यांत वर पिन केलेली. पिन एकच कमेंट करता येते. ती जागा ‘सबस्क्राईब करा’ला देण्यापेक्षा दुरुस्तीला दिलेली बरी.

काही ठिकाणी मैत्रिणीचं उत्तर ‘नाही’ असतं. ‘ताई तुमचा नंबर द्या’ किंवा ‘माझा नंबर हा, फोन करा’ अशा कमेंट मराठी चॅनेलवर सारख्या दिसतात. चॅनेलचं नाव आणि फोटो चोरून ‘मला व्हॉट्सॲपवर संपर्क करा’ असं उत्तर टाकणारे ठग याच जागेवर टपलेले असतात. तेव्हा ‘ताई, तुमचा नंबर इथून काढून टाका, कोणीही गैरवापर करेल. प्रश्न इथेच लिहा, मी इथेच उत्तर देते. माझ्या नावाने कोणी नंबर दिला तर ती मी नाही’ असं स्वच्छ लिहावं. खरी चॅनेलवाली उत्तर देते तेव्हा तिचं नाव रंगीत पट्टीत उठून दिसतं, हेही सांगून ठेवावं. मोटरच्या मशीनमधून जळका वास येतो किंवा हात लावला की झिणझिणतं, अशी कमेंट आली तर दोऱ्याबद्दल काही न बोलता पहिलं वाक्य ‘प्लग काढा’ हे असावं आणि दुसरं ‘मेकॅनिकला दाखवा, तोवर चालवू नका’. तिथे अंदाज बांधायचा नाही.

‘कोणतं मशीन घेऊ?’ या प्रश्नात पैशाचा संबंध येतो. वर्णनात दिलेल्या लिंकवरून खरेदी झाली आणि ताईंना कमिशन मिळणार असेल तर ते लिंकच्या शेजारीच लिहावं : ‘इथून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं.’ अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियमावली काढली आहे आणि मोबदला घेतलेली शिफारस जाहिरात म्हणून ओळखता आली पाहिजे, असा तिचा गाभा आहे. नियम नसता तरी मैत्रिणीपासून हे लपवलं जात नाही. कंपनीने पैसे किंवा मशीन दिलं असेल तर व्हिडिओ चढवताना ‘पेड प्रमोशन’चा रकानाही भरावा लागतो.

एवढं सगळं प्रत्येक कमेंटसाठी करायला वेळ कुठून आणायचा? करायची गरजच नाही. ‘छान’, ‘खूप सुंदर ताई’ यांना हार्ट पुरतो. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रश्न असलेल्या आणि उत्तर न दिलेल्या कमेंट वेगळ्या काढण्याची सोय आहे, तिथून सुरुवात करावी. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की तो वर्णनात गेला पाहिजे. तिथे पोहोचला की कमेंटमध्ये तो कमी होतो. तयार उत्तर साठवून चिकटवायलाही हरकत नाही, फक्त पहिलं वाक्य त्या बाईच्या कमेंटमधलं असावं. तिने लिहिलं असेल ‘जीन्स शिवताना’, तर उत्तर ‘जीन्सला 16 नंबरची सुई लावलीय का?’ इथून सुरू व्हावं.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण व्हिडिओ करणारे नसतील, प्रश्न विचारणारे असतील. त्यांना एक विनंती. ‘होत नाही’ एवढंच लिहू नका. मशीन पायाचं की मोटरचं, दोरा वरचा की बॉबिनचा, कापड कोणतं आणि आत्तापर्यंत काय करून पाहिलं, एवढं दोन ओळींत लिहा. आणि उपाय लागू पडला तर परत येऊन कशाने जमलं ते त्याच प्रश्नाखाली लिहून जा. पुढच्या बाईला तीच ओळ सगळ्यात आधी शोधायची असते.